उत्तरायण, संक्रांत की पोंगल? बडोद्यातल्या एका सोसायटीच्या शुभेच्छांचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमची सोसायटी बडोद्याच्या कडेला, रिफायनरीकडे जाणाऱ्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, माणसांची नावंही मुद्दाम गाळली आहेत. एकंदर ८४ फ्लॅट. निम्म्याहून थोडी जास्त घरं गुजराती, त्यानंतर आम्ही मराठी. काही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याची, दांडिया बाजार, रावपुऱ्यातून इकडे आलेली; काही नोकरीपायी अलीकडे आलेली. बाकी कारखान्यांमुळे सगळा देश आहे: तेलुगू, तमिळ, उत्तर प्रदेश-बिहारकडचे, बंगाली, पंजाबी, एक आसामी जोडपं. मुस्लिम घरं चार.

नोटिसा, फलक आणि ग्रुपवरचे निरोप लिहिण्याचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. दिवाळी, होळी, नवरात्रात या कामाला डोकं लागत नाही, कारण नाव सगळ्यांना एकच. जानेवारीत मात्र लागतं.

२०२५ च्या जानेवारीत मी गेटवर एक फलक लावला. काळी पार्श्वभूमी, वर हलव्याच्या पांढऱ्या दाण्यांची नक्षी आणि देवनागरीत ‘मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा’. माझ्या मते तो फलक देखणा होता. आपल्याकडे संक्रांतीला काळं नेसतात, चंद्रकला साडी याच सणाची, थंडीत काळं ऊब धरतं, हे सगळं माझ्या डोक्यात इतकं मुरलेलं की दुसरा विचारच आला नाही. सकाळी फुलं घ्यायला निघालेल्या एका गुजराती बा फलकासमोर थांबल्या आणि मला म्हणाल्या, ‘बेन, कोणी गेलं का?’

त्याच दिवशी ग्रुपवर मी दुसरी चूक केली. सगळ्यांना धरून घ्यायचं म्हणून लिहिलं: ‘मकर संक्रांत, उत्तरायण, पोंगल, लोहडी आणि बिहूच्या शुभेच्छा.’ निरोप गेला १४ तारखेला सकाळी. लोहडी आदल्या रात्री पेटून विझलेली होती. चौथ्या मजल्यावरच्या पंजाबी भाईंनी हात जोडलेलं चित्र टाकलं, त्याखाली ‘पुढच्या वर्षीची आत्ताच पोचली’ असं लिहिलं. बंगाली काकूंनी काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘पाच नावं लिहिलीस, सहावं लिहायला काय जागा नव्हती?’

अडचण नेमकी कुठे होती

२०२६ चा जानेवारी जवळ आला तेव्हा समितीच्या बैठकीत सरळ सूचना आली की गेल्या वर्षीचाच निरोप पाठवा, फक्त बंगाल्यांचं पौष पार्बण आणि उत्तर प्रदेश-बिहारकडची खिचडी जोडा. मीही मान हलवली होती. घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग तेलुगू शेजाऱ्यांकडचं पाहिलं, तमिळ काकांना फोन केला, आणि लक्षात आलं की नावं कितीही जोडली तरी एका दिवशी एका निरोपात ती बसणारच नाहीत.

२०२५ मध्ये सूर्य १४ तारखेला सकाळीच मकरेत गेला, त्यामुळे आपली संक्रांत आणि पोंगल दोन्ही १४ लाच पडले. २०२६ मध्ये तो गेला १४ ला दुपारी तीन वाजून गेल्यावर. महाराष्ट्राच्या कॅलेंडरात संक्रांत १४ लाच राहिली. तमिळनाडूत पोंगल १५ ला, आंध्रातही संक्रांती १५ ला, आसामचा माघ बिहू १५ ला. लोहडी १३ ला. आणि गुजरातचं उत्तरायण? ते १४ ला, कारण ते नेहमी १४ लाच असतं. सूर्य कधी कुठे जातो याच्याशी पतंगांचा काही संबंध उरलेला नाही. २०२४ मध्ये संक्रांत १५ ला होती, तेव्हाही बडोद्याच्या गच्च्यांवर, म्हणजे इकडच्या भाषेत धाब्यांवर, १४ लाच पतंग कापल्याचं ‘काइपो छे’ चालू होतं, आणि १५ ला नेहमीप्रमाणे वासी उत्तरायण.

त्यात ‘भोगी’ हा शब्द वेगळाच गुंता करून गेला. आमची भोगी १३ ला: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वालपापडी, हरभरा, गाजर, वांगं अशी सगळ्यांची मिळून भाजी. तेलुगू भोगी १४ ला, आणि तिच्यात पहाटे अंगणात जुन्या वस्तूंची शेकोटी. मी तेलुगू वहिनींना १३ ला ‘भोगीच्या शुभेच्छा’ दिल्या असत्या तर शब्द अगदी बरोबर आणि दिवस चुकीचा झाला असता.

यावर कडी म्हणजे १४ जानेवारीला षट्‌तिला एकादशी आली. तिळाला त्या दिवशी उलट मान, सहा प्रकारे तीळ वापरायचा असं त्या एकादशीचं नावच सांगतं. पण तांदूळ चालत नाही. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडच्या आमच्या शेजाऱ्यांच्या घरी या सणाचं नावच ‘खिचडी’. त्यांनी सरळ सांगितलं, ‘दीदी, १४ ला स्नान आणि दान. खिचडी १५ ला.’ म्हणजे सण एक दिवस आणि सणाचं नाव दुसऱ्या दिवशी.

नावं वेगळी का, हे आधी समजून घ्यावं लागलं

हा भाग प्रकरणाच्या बाहेरचा वाटेल, पण निर्णय इथेच झाला, म्हणून थोडं सविस्तर.

ही नावं म्हणजे एकाच शब्दाची भाषांतरं असतील असं मी धरून चालले होते. तसं नाही. प्रत्येक नाव त्या दिवसातलं वेगळं काहीतरी पकडतं. ‘मकर संक्रांत’ आणि ‘उत्तरायण’ सूर्याकडे बघून ठेवलेली. बंगालचं ‘पौष संक्रांती’ हे महिना संपल्याचं नाव. तमिळ काका म्हणतात, त्यांच्याकडे हा ‘तै’ महिन्याचा पहिला दिवस. सूर्याचं एकच पाऊल, पण एकाच्या वहीत ते शेवटच्या पानावर आणि दुसऱ्याच्या वहीत पहिल्या पानावर. आपले आणि गुजरातचे महिने चंद्राचे, म्हणून आपल्याला या दिवशी महिना ना संपल्याची जाणीव ना सुरू झाल्याची. ‘पोंगल’ म्हणजे उतू जाणं: नव्या तांदळाचं भांडं चुलीवर उतू जातं तो क्षण, आणि त्यात शिजलेला पदार्थही पोंगलच. ‘खिचडी’ही ताटावरूनच आलेलं नाव. ‘लोहडी’ आदल्या रात्रीच्या शेकोटीची.

यातून एक व्यवहारी गोष्ट कळते. ताटाचं किंवा शेकोटीचं नाव ज्याच्या घरी ते ताट मांडतात त्यालाच द्यावं. ‘आपल्या सर्वांना खिचडीच्या हार्दिक शुभेच्छा’ असं मी गेटवर लावलं असतं तर बलियाचं कुटुंब सोडून बाकी सोसायटीने पोट कसं आहे म्हणून विचारलं असतं. सूर्याची नावं जास्त जणांना चालतात, पण त्यांनाही मर्यादा आहेत. मराठीत ‘संक्रांत’ या शब्दाची दुसरी बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. पंचांगातली संक्रांत वाहनावर बसून येते, ज्या दिशेला पाहते तिथे संकट, आणि ‘त्याच्यावर संक्रांत आली’ हे आपण काही कौतुकाने म्हणत नाही. (हा वाक्प्रचार १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावरून आला असं सांगणारे भेटतात. पण तेव्हा संक्रांत १४ ला येतच नव्हती. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची तारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं तर ती आणखी आधीच्या तारखेला येणार.)

कोणते पर्याय होते

पहिला, सर्व नावांची यादी. हा समितीचा आवडता. यादीचं दुखणं असं की ती जितकी लांब, तितका सुटलेला माणूस जास्त दुखावतो. दोनच नावं असती तर बंगाली काकूंना काही वाटलं नसतं. पाच होती म्हणून सहावं नसल्याचं लागलं. शिवाय २०२६ च्या तारखा बघता कोणत्याही दिवशी पाठवली तरी निम्मी नावं शिळी किंवा आगाऊ.

दुसरा, ‘मकर संक्रांत’. संस्कृत नाव, पंचांगातलं, बहुतेकांना समजतं. आमच्या मराठी मंडळींचा कल इकडे होता. पण बडोद्यातल्या गुजराती मुलाच्या तोंडी तो शब्द क्वचितच येतो, आणि मुस्लिम घरांना धार्मिक पर्वाच्या शुभेच्छा देण्यात एक अवघडलेपण राहतं.

तिसरा, कोणतंच नाव न घेणं: ‘सुगीच्या सणाच्या शुभेच्छा’. हे एका तरुण सदस्याने सुचवलं. ऐकायला समंजस, पण आमच्यापैकी कोणाच्या घरी सुगी? ऊस, बोरं, हरभरा, गव्हाच्या ओंब्या आपण सुगडात भरतो हे खरं, पण विकत आणून. असं नाव कोणाचंच नसतं, म्हणून कोणी ते आपलं म्हणून उचलत नाही.

चौथा, ‘उत्तरायण’. याच्या विरुद्ध एक आक्षेप आला तो मला फार आवडला. आमच्याकडचे निवृत्त भूगोलाचे सर म्हणाले, ‘सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. १४ जानेवारीला उत्तरायण म्हणणं शुद्ध चूक.’ सर बरोबर आहेत. संक्रांत तारकांच्या हिशोबाने धरतात, तो हिशोब ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठा, म्हणून साधारण सत्तर वर्षांत एक दिवस ती पुढे सरकते. कधीकाळी दोन्ही एकत्र असतील. आता तीन आठवड्यांचं अंतर पडलंय. मी सरांना विचारलं, ‘मग १४ ला तुमच्या नातवाला काय सांगता, कुठे चाललाय?’ सर हसले. ‘उत्तरायण करायला.’

निर्णय आणि कृती

त्या उत्तरातच मला कसोटी सापडली. फलकावर नाव द्यायचं ते, आपण सगळे मिळून जे करतो त्याचं. घराघरात काय शिजतं, काय पुजतात ते निराळं. पण १४ ला सकाळी नऊपासून ८४ घरांतली माणसं धाब्यावर असतात, फिरकी कोणीतरी धरलेली असते, उंधियू आणि जिलबी हातोहात फिरते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुस्लिम कुटुंबाचे आजोबा गेंडीगेटच्या बाजारातून दरवर्षी पतंग निवडून आणतात आणि किन्ना बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्या सगळ्याला या गावात एकच नाव आहे.

फलक पिवळ्या कागदावर केला. मजकूर गुजराती आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत, एवढाच: ‘बुधवार १४ जानेवारी. उत्तरायण. धाबं सकाळी ७ पासून खुलं. सर्वांना शुभेच्छा. नायलॉनचा मांजा आणू नये.’

‘या दिवसांत येणाऱ्या इतर सर्व सणांच्याही शुभेच्छा’ अशी ओळ घालावी का, यावर मी दोन दिवस घोळ घातला. शेवटी काढली. ‘इतर’ हा शब्द ज्याला लागू होतो त्याला तो बरोबर टोचतो.

त्याऐवजी लिफ्टशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर एक प्रश्न लिहून खाली मार्कर टांगला: ‘तुमच्या घरी या सणाला काय म्हणतात, आणि यंदा कधी?’ हे ५ जानेवारीला. पहिले दोन दिवस फळा कोरा. मग कोणीतरी गंमत म्हणून ‘सुट्टी’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी बंगाली काकूंनी ‘पौष पार्बण’ लिहून त्यापुढे पिठे नावाच्या पक्वान्नाचं चित्र काढलं, आणि रांगच लागली. रविवारपर्यंत दहा नावं झाली. त्यात दोन मला नवी होती. आमच्या इस्त्रीवाल्याचं गाव झारखंडमधलं, त्याने ‘टुसू’ लिहून घेतलं. सुरक्षारक्षक कुमाऊंचा, त्याने सांगितलं की त्यांच्याकडे ‘घुघुतिया’, पिठाच्या तळलेल्या पक्ष्यांची माळ मुलांच्या गळ्यात घालतात आणि कावळ्यांना बोलावतात. तीन वर्षं तो माणूस गेटवर माझ्या फलकाखाली उभा होता.

फळ्यावरून मी तारखांप्रमाणे एक कागद केला आणि ग्रुपवर सगळ्यांना एकच निरोप न पाठवता ज्याला त्याला, त्याच्या दिवशी, त्याच्या नावाने शुभेच्छा दिल्या. १३ ला संध्याकाळी पाचला पंजाबी भाईंना लोहडीच्या, शेकोटी पेटायच्या आधी. १५ ला सकाळी तमिळ काकांना. कानडी शेजारीण एक आहे, तिला मी तिळगूळ देताना आपलं नेहमीचं ‘गोड गोड बोला’ म्हणाले, तर ती म्हणाली, ‘आमच्यातही हेच: एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडी.’ तीळगूळ खाऊन चांगलं बोला. शब्दाला शब्द.

काय निष्पन्न झालं

फलकावरून एकही तक्रार आली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आली, आणि आमच्याच माणसांकडून आली. दुसऱ्या विंगमधल्या मराठी काकू १४ ला सकाळी वाण घेऊन आल्या त्या रागातच. ‘गायकवाडांच्या गावात राहतो आपण, आणि तूच संक्रांत पुसून टाकलीस? बाकीच्यांनी काढली असती तर समजलं असतं.’ मी कसोटीबिसोटी समजावायला गेले, ते चुकलं. त्यांना तर्क नको होता, शब्द हवा होता.

मार्ग पंचांगानेच दिला. आपली संक्रांत एका दिवसाची नसते. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि यंदा रथसप्तमी २५ जानेवारीला होती. म्हणून रविवारी १८ ला सोसायटीच्या हॉलमध्ये ‘संक्रांतीचं हळदीकुंकू’ ठेवलं, निमंत्रण काकूंच्या नावाने, आणि या वेळी काळा कागद, हलव्याची नक्षी, सगळं हौसेनं. तिथे ते नाव बरोबर होतं, कारण तिथे आपण संक्रांतच करत होतो. त्या गुजराती बासुद्धा आल्या आणि काळ्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हां, आता समजलं.’

त्याच दिवशी एका मराठी नातवाचं बोरन्हाण होतं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतला आणि पोरांनी झडप घातली. तेलुगू वहिनी दारात थबकल्या. ‘हे तर आमचं भोगी पळ्ळु!’ त्यांच्याकडेही लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे आणि नाणी ओततात, फक्त भोगीच्या दिवशी. त्यांनी पर्समधून दोन रुपयांची नाणी काढून बोरांत टाकली. आमच्याकडे नाणी नसतात, पण कोणी अडवलं नाही, आणि पोरांनी बोरं सोडून नाणीच आधी वेचली.

वेगळं काय करता आलं असतं

फळा डिसेंबरातच लावायला हवा होता. ५ जानेवारीला लावल्यामुळे आसामी जोडप्याने ‘भोगाली बिहू, १५, आणि आदल्या रात्री उरुका’ असं लिहिलं तेव्हा १२ तारीख उजाडली होती. उरुका म्हणजे एकत्र जेवणाची रात्र. आधी कळलं असतं तर १४ ची रात्रीची पंगत धाब्यावर त्यांच्या नावाने करता आली असती. त्या रात्री वर दिवे, कंदील बांधलेले तुक्कल पतंग सगळं होतंच.

दुसरं, एकत्र जेवण १५ ला ठेवायचा घाट समितीने घातला होता, कारण पोंगलही १५ ला आणि वासी उत्तरायणही. मी होकार दिला होता. ऐनवेळी लक्षात आलं की मराठी घरांसाठी तो किंक्रांतीचा दिवस, करिदिन. जुनी माणसं त्या दिवशी नवं काही करत नाहीत. तमिळ घरात वर्षातला सर्वात शुभ सकाळचा स्वयंपाक आणि शेजारच्या मराठी घरात आज काही नको, असा एकच दिवस. जेवण रद्द केलं, पण ते घाईत आणि कारण न सांगता. तमिळ काकांना वाटलं, पोंगल म्हणून टाळलं. खरं कारण सांगायला मला चार दिवस लागले. आधी सांगितलं असतं तर त्यांनीच दुसरा दिवस सुचवला असता. तसं ते नंतर म्हणालेही.

तिसरं, काकूंना फलक छापायच्या आधी दाखवायला हवा होता.

२०२७ चा कागद मी आत्ताच करून ठेवतेय. त्या वर्षी सूर्य मकरेत जाणार १४ जानेवारीच्या रात्री नऊ वाजून गेल्यावर, म्हणजे आपली संक्रांत १५ ला आणि भोगी १४ ला. उत्तरायण अर्थात १४ ला. काकूंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे पतंग उडवताना भोगीची भाजी. आणते मी वर डबा.’